यष्टिरक्षकामागची जागा

हिवाळा लागला की टेनिस बॉल स्पर्धांची मंडळं पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी फिरू लागतात. किराणावाला असो, चष्म्यांचा दुकानदार असो की पॅथॉलॉजी लॅब, सगळ्यांना एकच विनंती: ‘शेठ, काहीतरी द्या.’ शेठ गणपतीला देतात तसे पाचशे रुपये काढून देतात आणि विषय मिटतो. मंडळाचं नुकसान इथेच होतं. विकण्यासारखं बरंच हातात असताना त्याने वर्गणी मागितलेली असते.

सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घ्या. सामने पंधरा. डाव सहा षटकांचा आणि सगळे डाव पूर्ण झाले, तर १०८० चेंडू. अशा स्पर्धांत गोलंदाजी बहुधा एकाच टोकाकडून होते आणि यूट्यूबवर थेट दाखवणारा कॅमेरा गोलंदाजाच्या पाठीमागे उभा असतो. त्यामुळे यष्टिरक्षकामागच्या सीमारेषेवरचा फ्लेक्स जवळजवळ प्रत्येक चेंडूला चित्रात येतो. तोच फ्लेक्स गोलंदाजाच्या मागे लावला, तर रंगांत फलंदाजाला चेंडू सापडत नाही, कर्णधार तक्रार करतो आणि फ्लेक्स उतरवावा लागतो. म्हणून विनंतीपत्रात ‘मैदानावर बॅनर लावू’ एवढंच लिहून भागत नाही. मैदानाचा हाताने काढलेला नकाशा, फ्लेक्सचं माप आणि जागेनुसार दर द्यावा. यष्टिरक्षकामागची जागा सर्वांत महाग. रस्त्यावर फ्लेक्स लावायचा तर पालिकेची परवानगी कोण काढणार, हेही आधीच ठरवावं.

फ्लेक्सने नाव दिसतं, पण गिऱ्हाईक आलं की नाही ते कळत नाही. त्यासाठी कुपन चांगलं. समजा, चष्म्यांच्या दुकानाने सामनावीराचं बक्षीस दिलं. पंधरा सामने, पंधरा कुपनं, फ्रेमवर सवलत, मुदत महिनाभर. समालोचक प्रत्येक सामन्यानंतर दुकानाचं नाव आणि ते कुठल्या चौकात आहे ते सांगतो. महिनाअखेर किती कुपनं परत आली ते दुकानदाराला गल्ल्यातच मोजता येतं. पुढच्या वर्षी तो किती पैसे देईल, हे त्या आकड्यावर ठरेल. चालत येण्याच्या अंतरावर ज्यांचं गिऱ्हाईक राहतं, त्यांनाच हे परवडतं. लांबच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखानदाराला फायद्याचं आश्वासन देऊ नये. तो देईल ते आपुलकीने देईल.

पावतीकडेही लक्ष हवं. ‘वर्गणी’ लिहिलेली पावती दुकानदाराच्या हिशेबात धंद्याचा खर्च म्हणून टिकणं कठीण. दुकानाच्या नावाने, ‘जाहिरात: सीमारेषेवरील फ्लेक्स, दोन दिवस’ असं लिहून पैसे बँकेतून घेतले, तर तो जाहिरातखर्च म्हणून दाखवता येतो. अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला मात्र त्याने कराची वेगळी बचत होत नाही, कारण त्याचा नफा उलाढालीवरून ठरतो. त्याला ते आमिष दाखवू नये.

स्पर्धा संपल्यावर आठवडाभरात मंडळाने फ्लेक्सचा फोटो, प्रक्षेपणाची लिंक आणि वाटलेल्या कुपनांची यादी घेऊन त्याच दुकानांत पुन्हा जावं, या वेळी पावतीपुस्तक घरी ठेवून.