डाळीचा उतारा आणि पत्रातला शब्द

दरवर्षी जानेवारी उजाडला की नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या मुलांची धावपळ सुरू होते. प्रकल्पाचा विषय ठरलेला असतो, नसतात ते फक्त आकडे. ते असतात कारखान्याच्या कपाटात. मग एक अर्ज जातो : ‘आपल्या कंपनीची मागील पाच वर्षांची उत्पादन, विक्री व नफा-तोट्याची माहिती मिळावी. ती गुप्त ठेवली जाईल.’ मी वाणिज्य शाखेत शिकवत असताना असे कितीतरी अर्ज माझ्या सहीनं गेले. त्यातल्या शेवटच्या वाक्याकडे मीही कधी थांबून पाहिलं नव्हतं. एका प्रसंगानं ते पाहायला लावलं.

लातूरच्या एका डाळमिलमध्ये आमच्या विद्यार्थ्यानं प्रकल्प केला. अहवालात मिलचं नाव कुठेही नव्हतं, सगळीकडे ‘अ मिल’. आम्ही निश्चिंत होतो. पण नियमाप्रमाणे अहवालाच्या सुरुवातीला कंपनीचं प्रमाणपत्र बांधलेलं होतं, मिलच्या छापील कागदावर, शिक्क्यासह. आत गुप्तता आणि दारावर पाटी! पुढे मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्यानं मिलच्या व्यवस्थापकांना त्यांचाच उतारा तोंडावर सांगितला. त्यानंतर तीन वर्षं त्या दारातून आमचा एकही विद्यार्थी आत गेला नाही.

उतारा एवढा जपण्यासारखा का, हे आधी पाहू. एक क्विंटल तुरीत टरफल असतं साधारण बारा ते पंधरा किलो. म्हणजे डाळ पंच्याऐंशी किलोच्या आसपास मिळायला हवी. प्रत्यक्षात बऱ्याच मिलमध्ये सत्तर ते पंचाहत्तर किलोच मिळते, बाकीचं तुकडा, चुणी आणि भुशात जातं. क्विंटलमागे दोन किलो डाळ जास्त निघत असेल, तर ती मिल तुरीला थोडा जास्त भाव देऊ शकते. हे समोरच्याला कळलं की सौद्यात तो तेवढंच ताणून धरतो. विद्यार्थ्याला हा तक्त्यातला एक रकाना वाटतो, मिलवाल्याच्या हातातलं ते पान असतं.

तीन वर्षांनी दुसरा एक विद्यार्थी त्याच मिलमध्ये जायचं म्हणाला. त्याचा प्रश्न चांगला होता : एकाच मिलमध्ये एका लॉटचा उतारा चांगला आणि दुसऱ्याचा कमी का येतो? तो आधी जुन्या पद्धतीचाच अर्ज घेऊन गेला. व्यवस्थापक म्हणाले, ‘लेकरा, तुला नेमकं काय पाहिजे ते तुलाच माहीत नाही, मग मी देऊ काय?’ परत आल्यावर आम्ही दोघांनी बसून नवं पत्र लिहिलं. त्याचा मजकूर असा होता :

‘मा. व्यवस्थापक यांस, सप्रेम नमस्कार.

विषय : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी माहिती व परवानगी मिळण्याबाबत.

लॉटनुसार तूरडाळीचा उतारा का बदलतो, याचा मी अभ्यास करीत आहे. त्यासाठी गेल्या हंगामातील चाळीस लॉटची प्रत्येकी चारच माहिती हवी आहे : तुरीचे वजन, आल्यावेळचा ओलावा, निघालेली डाळ, आणि तुकडा व चुणी मिळून वजन. खरेदी-विक्रीचे भाव, व्यापाऱ्यांची, गिऱ्हाइकांची वा कामगारांची नावे मला नकोत. वही मी आपल्या कार्यालयातच बसून उतरवून घेईन.

अहवालात खरे आकडे येणार नाहीत. पहिल्या लॉटचा उतारा शंभर धरून बाकीचे त्या प्रमाणात देईन. मिलचे नाव व ओळख पटेल असे वर्णन येणार नाही. मूळ आकडे मी व माझे मार्गदर्शक यांखेरीज कोणी पाहणार नाही, आणि निकालानंतर ते नष्ट करीन. अहवाल मात्र बाहेरचे परीक्षक पाहतील व त्याची एक प्रत विभागात राहील. आपले प्रमाणपत्र अहवालात न बांधता विभागप्रमुखांकडे बंद पाकिटात ठेवण्याची परवानगी मी घेतली आहे. सादर करण्यापूर्वी अहवाल आपणांस दाखवीन.’

या पत्रातलं शंभरचं गणित बघा. समजा पहिल्या लॉटला क्विंटलमागे ७२ किलो डाळ निघाली आणि दुसऱ्याला ६९. पहिल्याला १०० म्हटलं की दुसरा होतो ९५.८. दुसरा लॉट चार टक्क्यांहून थोडा जास्त मागे आहे, हे वाचणाऱ्याला कळतं. बहात्तर मात्र कळत नाही. अभ्यासाला फरकच हवा होता, त्यामुळे काही बिघडत नाही. पण या झाकणाला मर्यादा आहे. चाळीसपैकी एका लॉटचा खरा उतारा जरी कुठून बाहेर आला, तरी साध्या त्रैराशिकानं उरलेले एकोणचाळीस उघडे पडतात. म्हणून मजकुरात ‘सुमारे बहात्तर किलो’ असं चुकूनही लिहायचं नाही.

चूक बहुधा आलेखातून होते. एक्सेलमधला आलेख वर्डमध्ये चिकटवला की कित्येकदा त्याच्यासोबत मागची सगळी आकडेवारीही त्या फाइलमध्ये जाते. कागदावर नुसत्या रेघा दिसतात, पण संगणकावर आलेखाची माहिती उघडली की पूर्ण तक्ता समोर येतो. म्हणून आलेख चित्र म्हणून चिकटवावा आणि फाइल देण्यापूर्वी तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.

ओळखीचंही तसंच. नुसतं ‘लातूरमधील एक डाळमिल’ म्हटलं तर चालतं, कारण तिथे डाळमिल पुष्कळ आहेत. पण त्याला ‘अमुक साली सुरू झालेली, अमुक यंत्र असलेली’ अशी शेपटं जोडली की गावातला माणूस लगेच बोट दाखवतो. आणि आभाराच्या पानावर व्यवस्थापकांचं नाव घालणं म्हणजे प्रमाणपत्र बांधण्याचीच चूक पुन्हा करणं.

पत्रात ‘कोणीही पाहणार नाही’ असं आम्ही मुद्दामच लिहिलं नाही, कारण ते खरं ठरलं नसतं. परीक्षक कोण येणार हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं, आणि परीक्षकाचा मेहुणा मोंढ्यात अडतीवर बसत नसेलच असं नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी विद्यार्थ्यानं विभागात जाऊन विचारावं : प्रती किती, त्या कुठे राहतात, संगणकावरची फाइल कोणाकडे जाते? जे उत्तर मिळेल तेच पत्रात लिहावं. पाळता येईल तेवढाच शब्द द्यावा.

व्यवस्थापकांनी पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीपुढे त्यांनी पेनानं लिहिलं, ‘आम्ही सांगू तो भाग वगळावा’, आणि सही केली. इथे विद्यार्थ्यानं नम्रपणे एक गोष्ट विचारली, ती मला फार आवडली. तो म्हणाला, ‘साहेब, ओळख पटेल असं काहीही काढीन. पण निष्कर्ष तुम्हाला आवडला नाही तर तो काढता येणार नाही.’ त्यांनी क्षणभर पाहिलं आणि ‘भाग’ खोडून ‘ओळख पटेल असा मजकूर’ असं लिहिलं. हा फरक पत्रातच ठरला म्हणून पुढे वाद झाला नाही.

निष्कर्ष फार मोठा नव्हता. ज्या लॉटमध्ये ओलावा जास्त होता आणि वाळवण घाईत उरकलं होतं, तिथे टरफल नीट सुटलं नव्हतं आणि तुकडा जास्त पडला होता. तक्ता पाहून व्यवस्थापकांनी वाळवणाच्या ओट्यावरच्या माणसाला बोलावून घेतलं. पुढच्या जानेवारीत त्यांचा फोन आला, यंदा कोणी पोरगं पाठवताय का म्हणून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)