चर्चा झाली, पण ठरलं काय?

‘वाङ्मय मंडळाची सभा अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. हस्तलिखिताबाबत सखोल चर्चा झाली. अनेकांनी मोलाच्या सूचना मांडल्या. सर्वांनी मिळून काम करण्याचे ठरले. आभारप्रदर्शनाने सभेची सांगता झाली.’

शाळेच्या वाङ्मय मंडळाची इतिवृत्ताची वही उघडली, की असा मजकूर हमखास भेटतो. अक्षर सुंदर, शुद्धलेखन निर्दोष. पण हस्तलिखित काढायचं आहे की नाही, त्यात कुणाचं लेखन घ्यायचं, ते कधीपर्यंत द्यायचं, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. याचं एक कारण सरळ आहे. वर्गात निबंध ज्याचा सर्वांत चांगला, त्यालाच आपण मंडळाचा सचिव करतो, आणि तो इतिवृत्तही निबंधासारखंच लिहितो. इतिवृत्ताचा वाचक मात्र वेगळा असतो. सभेला न आलेला सभासद, परवानगीच्या पत्रावर सही करणारे मुख्याध्यापक आणि महिन्याभरानं ‘असं कधी ठरलं होतं?’ म्हणून विचारणारा वर्गप्रतिनिधी, हे ते वाचक. वातावरण खेळीमेळीचं होतं की नव्हतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

दोष बहुतेक वेळा सभेच्या आधीच झालेला असतो, विषयपत्रिकेत. ‘हस्तलिखिताबाबत चर्चा करणे’ असा विषय लिहिला, की सभेत चर्चाच होते आणि सचिव ‘चर्चा झाली’ एवढंच लिहू शकतो. तोच विषय असा लिहून पाहा : ‘यंदाच्या हस्तलिखितासाठी कोणत्या इयत्तांचे साहित्य घ्यायचे व ते कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारायचे, हे ठरवणे.’ आता उत्तर मिळाल्याशिवाय अध्यक्षाला पुढच्या विषयाकडे जाताच येत नाही. विषयपत्रिका सभेच्या तीन-चार दिवस आधी फलकावर लागली, तर वर्गप्रतिनिधी आपापल्या वर्गात विचारून येतात. ऐन वेळी वाचून दाखवली, तर ‘विचारून सांगतो’ यातच निम्मी सभा जाते.

एक सभा डोळ्यांसमोर घेऊ. 16 जानेवारी, शुक्रवार, शेवटच्या तासानंतर ग्रंथालयात. मंडळाचे 18 सभासद, पैकी 14 हजर. तिघांनी आधी कळवलं होतं, एकानं कळवलं नव्हतं. शिवाय मार्गदर्शक शिक्षिका. विषय पाच : मागील इतिवृत्त कायम करणे, मागील निर्णयांच्या कार्यवाहीचा आढावा, हस्तलिखित, 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.

पहिला विषय लोक नुसत्या माना हलवून उरकतात, पण तिथेच एक अडचण निघाली. 12 डिसेंबरच्या इतिवृत्तात कथाकथन स्पर्धेसाठी प्रत्येकी 7 मिनिटं असं लिहिलं होतं आणि ठरली होती 5 मिनिटं. हे कुणाच्या तरी लक्षात आलं. अशा वेळी जुन्या पानावर व्हाइटनर लावायचा नसतो. दुरुस्ती आजच्या इतिवृत्तात लिहायची : ‘विषय 3 मधील “7 मिनिटे” याऐवजी “5 मिनिटे” असे वाचावे, या दुरुस्तीसह मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले.’ जुन्या पानावर चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी अध्यक्षाची छोटी सही घ्यायची. पानं क्रमांकित असावीत आणि मध्ये कोरं पान सोडू नये, हेही त्यामुळेच. वहीत मागाहून काही घुसडलं नाही, हे पाहणाऱ्याला दिसलं पाहिजे.

आता हस्तलिखिताकडे येऊ. सचिवाच्या कच्च्या वहीत वीस मिनिटांच्या बोलण्याचं टिपण साधारण असं होतं : ‘पाचवी-सहावीचं घ्या, मागच्या वर्षी रुसले. पानं वाढतील. पानं किती? 40. सुलेखन कोण करणार, दहावी नको, बोर्ड. नववीतल्या दोघींचं अक्षर छान. तारीख 30 जाने.? 26 ची सुट्टी, घरी लिहितील. चित्रं वेगळी. बाइंडिंगवाला 5-6 दिवस घेतो.’

हे टिपण उत्तम आहे. पक्कं इतिवृत्त लिहिताना मात्र यातलं बरंचसं गळायला हवं. कोण काय म्हणालं हे ओळीनं लिहीत बसलं, तर तो संवाद होतो आणि निर्णय त्यात बुडून जातो. पण सगळंच गाळलं, तर पुढच्या महिन्यात तोच वाद नव्यानं सुरू होतो. म्हणून निर्णयामागचं कारण एका वाक्यात ठेवायचं. पक्की नोंद अशी झाली :

‘विषय 3. हस्तलिखित. पाचवी ते नववी या सर्व इयत्तांचे साहित्य घ्यावे, असे सर्वानुमते ठरले. दहावीची बोर्डाची परीक्षा असल्याने त्या विद्यार्थ्यांकडे कोणतेही काम देऊ नये. एकूण पाने 40 पेक्षा जास्त नसावीत. साहित्य शुक्रवार, 30 जानेवारीपर्यंत स्वीकारावे; त्यानंतर आलेले साहित्य यंदाच्या अंकात घेतले जाणार नाही.’

शेवटचं अर्धं वाक्य सभेत कुणीच बोललं नव्हतं. सचिवानं मध्येच थांबवून विचारलं, ‘31 तारखेला कुणी कविता आणून दिली तर?’ मग त्यावर ठरलं. चांगला सचिव नुसता लिहीत बसत नाही. प्रत्येक विषय संपताना तो म्हणतो, ‘थांबा, मी काय लिहिलंय ते वाचून दाखवतो.’ ऐकताना लोकांना कळतं, की आपण प्रत्येकानं वेगळंच काही ठरलं असं धरून चाललो होतो. वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागतं आणि नंतरची भांडणं तिथेच मिटतात. आठवीतल्या सचिवाला दहावीतल्या अध्यक्षाला असं थांबवायचा संकोच वाटतो. मार्गदर्शक शिक्षिकेनं पहिल्याच सभेत तशी मुभा सगळ्यांसमोर दिलेली बरी.

निर्णयाखाली कार्यवाही येते, आणि खरी पडझड होते ती इथे. ‘सुलेखनाची जबाबदारी नववीच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी’ असं लिहिलं, तर ती कुणीच घेत नाही; नववीत तीन तुकड्या आहेत आणि प्रत्येक तुकडीला वाटतं दुसरी करील. प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव हवं. मदतनीस चार असोत, पण विचारायचं कुणाला ते एकच नाव, आणि पुढे तारीख. बऱ्याच वह्यांत यासाठी उजवीकडे समास आखून वर ‘कार्यवाही’ असं लिहितात. ही पद्धत सोयीची आहे, कारण पुढच्या सभेत नुसती नजर खाली उतरवत गेलं तरी भागतं. वहीत अर्थातच पूर्ण नाव लिहायचं. इथे पदानं सांगतो. वर्गावर्गांत साहित्याचं आवाहन : सचिव, 19 जानेवारी. निवड : संपादक, 4 फेब्रुवारी. सुलेखन : नववी अ ची प्रतिनिधी, 16 फेब्रुवारी. बाइंडिंगला देऊन परत आणणं : कोषाध्यक्ष, 24 फेब्रुवारी.

या तारखा मागून पुढे मोजल्या आहेत. प्रकाशन 27 ला, बाइंडिंगवाला सहा दिवस घेतो, म्हणून सुलेखन 16 लाच संपलं पाहिजे. मधले एक-दोन दिवस चुका दुरुस्त करायला. ‘लवकरात लवकर’ हा शब्द इतिवृत्तात दिसला, की समजावं, ते काम कुणी मोजून पाहिलेलं नाही.

चौथ्या विषयावर मतभेद झाले. काहींना गावातून ग्रंथदिंडी हवी होती, काहींना सभागृहात कथाकथन. हात वर करून मतं घेतली. कथाकथन 8, ग्रंथदिंडी 5, तटस्थ 1. शिक्षिकेनं मत दिलं नाही. इतिवृत्तात फक्त आकडे लिहायचे. कुणी कुठे हात वर केला, हे लिहायचं कारण नाही. आणि इथे ‘सर्वानुमते’ लिहिणं चूक आहे. सवयीनं सगळेच तो शब्द लिहितात, पण पाच जण विरोधात असतील, तर ‘बहुमताने’ असंच हवं. सूचक-अनुमोदकांची नावं मात्र प्रत्येक विषयाला लिहायचा सोस सोसायटीच्या सभांकडून आला आहे. शाळेच्या मंडळात पदाधिकारी निवडताना किंवा पैशांच्या विषयाला ती असावीत. कथाकथन की दिंडी याला त्यांची गरज नाही.

याच विषयात आणखी एक मेख होती. कार्यक्रमासाठी शेवटचे दोन तास हवे होते, आणि तास सोडणं मंडळाच्या हातात नाही. तेव्हा ‘शेवटचे दोन तास कार्यक्रमासाठी घेण्याचे ठरले’ असं लिहिलं, तर मुख्याध्यापक ते वाचून भुवया उंचावतील. लिहायचं ते असं : ‘शेवटचे दोन तास मिळावेत, अशी मुख्याध्यापकांना विनंती करावी. पत्र : अध्यक्ष, 20 जानेवारी. परवानगी न मिळाल्यास कार्यक्रम शाळा सुटल्यानंतर एक तासाचा करावा.’ मंडळ स्वतः करू शकतं ते निर्णय म्हणून आणि दुसऱ्याच्या होकारावर अवलंबून आहे ते विनंती म्हणून लिहायचं. पर्यायही त्याच सभेत ठरवून टाकला, तर परवानगीची वाट पाहत सगळं अडत नाही.

आयत्या वेळच्या विषयात एकानं सहलीसारखी पुस्तक प्रदर्शनाची भेट सुचवली. तिला खर्च आहे आणि विषयपत्रिकेत ती नव्हती, म्हणजे गैरहजर चौघांना तिचा पत्ताच नाही. नोंद एका ओळीची : ‘हा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.’

काही गोष्टी वहीत येऊच नयेत. एका कवितेला कुणी तरी ‘टुकार’ म्हटलं आणि दोघे हसले. ही वही पुढच्या वर्षीची मुलंही वाचणार आहेत, त्या कवितेचा कवीही. तिथे एवढंच लिहिलं : ‘आत्तापर्यंत आलेल्या 9 कवितांपैकी 5 निवडल्या. उरलेल्या चौघांना संपादक प्रत्यक्ष भेटून कळवतील.’

पक्कं इतिवृत्त त्याच संध्याकाळी किंवा फार तर शनिवारी लिहून काढावं. सोमवारपर्यंत कच्च्या टिपणातलं ‘चित्रं वेगळी’ म्हणजे वेगळ्या कागदावर की वेगळ्या मुलांनी, हे आठवत नाही. संगणकावर लिहिलं असेल, तर प्रिंट वहीत चिकटवून सही अशी करावी, की अर्धी प्रिंटवर आणि अर्धी वहीच्या पानावर येईल.

6 फेब्रुवारीच्या सभेत दुसऱ्या विषयाला ही कार्यवाहीची यादी वाचली जाईल. प्रत्येक कामापुढे झाले किंवा झाले नाही. नसेल तर एका वाक्यात कारण आणि नवी तारीख. एखादं काम तीन सभा पुढे ढकललं गेलं, तर ते सोडून द्यायचं की दुसऱ्याकडे द्यायचं, हेही सभेनंच ठरवून लिहून टाकावं. वर्षाअखेरीस सचिव बदलतो तेव्हा वहीसोबत शेवटच्या पानावर अपुऱ्या कामांची यादी द्यायची आणि वही घेणाऱ्याची तारखेसह सही घ्यायची.