धोतरा म्हणजे नक्की कोणता?

थंडी पडली की अलिबाग-पेणकडच्या शेतांत वालाच्या शेंगा भरतात आणि पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, आणि मडके उपडे घालून भोवती जाळ. पण मराठीत पोपटी नावाचे एक झाडही आहे. कागदी कंदिलासारख्या आवरणात गोल फळ धरणारे हे गुडघाभर झुडूप, काही जण त्याला रानपोपटी म्हणतात. शेंगांची पोपटी वेगळी, झाडाची वेगळी. इथे नावाच्या घोटाळ्याने कुणाचे काही बिघडत नाही. धोतऱ्याच्या नावाने मात्र बिघडते, म्हणून यंदा या पानावर तोच विषय घेतला आहे.

आपल्या वस्त्यांच्या कडेला, उकिरड्यावर आणि रस्त्यालगत दोन धोतरे उगवतात. एकाचे फूल पांढरे किंवा जांभळट, लांब कर्ण्यासारखे; त्याला नुसता धोतरा किंवा काळा धोतरा म्हणतात. दुसरा पिवळा धोतरा, काही ठिकाणी त्याला बिलायतही म्हणतात. दोघांच्या फळांना काटे असतात. नाव सारखे पडण्याचे कारण बहुधा तेच. पण ही दोन झाडे एकमेकांची दूरचीही नातलग नाहीत.

हा गोंधळ टाळण्यासाठीच स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द आडनावासारखा, जवळच्या झाडांच्या गटाचा. दुसरा त्या एकाच झाडाचा. पहिल्या धोतऱ्याचे नाव दातुरा मेटेल. यातला 'दातुरा' आपल्याकडच्याच धत्तूर शब्दावरून घेतलेला आहे. पिवळ्याचे नाव अर्जेमोनी मेक्सिकाना, म्हणजे मूळचा मेक्सिकोचा. आडनावेच वेगळी म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुळाचा.

दातुरा वांग्याच्या कुळातला. वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा आणि वर सांगितलेली रानपोपटीही त्याच कुळातली. ओळखायचे कसे? फुलाच्या पाच पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, कधी चांदणीसारख्या, कधी कर्ण्यासारख्या, आणि आत पाच पुंकेसर. फळ धरल्यावर फुलाखालचा हिरवा भाग गळत नाही. वांग्याची टोपी म्हणजे तोच भाग, रानपोपटीचा कंदीलही तोच, आणि धोतऱ्याच्या काटेरी फळाच्या बुडाशी जी गळपट्टी दिसते तीही त्याचाच उरलेला तुकडा. पिवळा धोतरा अफूच्या कुळातला. त्याच्या पाकळ्या सुट्या, पुंकेसर पुष्कळ, पानांना काटे आणि पांढरट शिरा. देठ मोडला की पिवळा चीक येतो. धोतऱ्याला चीक नसतो. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे, पण चीक डोळ्यांना लागू देऊ नका.

विषही निराळे. दातुराची बी किंवा पाला पोटात गेला तर काही तासांतच तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस असंबद्ध बोलतो, लघवी अडते. पिवळ्या धोतऱ्याचे बी बारीक, काळे, मोहरीसारखे. त्याचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले की दिवसांनी, आठवड्यांनी पाय सुजतात आणि दम लागतो. १९९८ साली दिल्लीत अशीच भेसळ होऊन साथ पसरली, अनेक जण दगावले. सुटे, बिनलेबलाचे मोहरीचे तेल म्हणूनच घेऊ नये.

आता कुणी म्हणेल, कुळ कळले की खाण्यासारखे काय तेही कळले. तसे नाही. वांगे आणि धोतरा एकाच कुळातले, हे आत्ताच पाहिले. वालाचे कुळही तसेच. त्याची खूण शेंग: दोन्ही कडांनी उकलणारी, बिया एकाच कडेला चिकटलेल्या. वाल, तूर, मूग यांचे फूल फुलपाखरासारखे. एक मोठी पाकळी वर, दोन बाजूंना, खाली दोन जुळून होडीसारख्या. टाकळा आणि चिंच त्याच कुळातल्या, पण त्यांचे फूल असे नसते. तिथे शेंगच बघावी. आणि लाल-काळी गुंजही याच कुळातली. तिचे बी अख्खे गिळले तर टणक सालीमुळे बरेचदा तसेच बाहेर पडते; चावले किंवा माळेसाठी भोक पाडलेले पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. मुलांच्या गळ्यात किंवा हातात गुंजांची माळ नको.

मुलाने काही पाला-बी खाल्ले असेल तर घरी उलटी काढू नका, मीठ-पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ रुग्णालयात न्या. सोबत त्या झाडाची फांदी न्या: पान, फूल, फळ, जे मिळेल ते, पिशवीत घालून. डॉक्टरांना फक्त 'धोतरा खाल्ला' एवढे सांगितले तर त्यांना दोन झाडांपैकी कोणते, हे कळायला मार्ग नाही. किती वाजता आणि साधारण किती खाल्ले, तेही सांगा.