मिरचीची रोपं का कोलमडतात?

पावसाळी वाफ्यात मिरचीची रोपं संध्याकाळी टवटवीत दिसतात आणि सकाळी आडवी पडलेली असतात. एक उपटून पाहा: पानं अजून हिरवी, पण मातीलगत खोड पाणचट होऊन दोऱ्यासारखं बारीक झालेलं. हे काम बहुधा पिथियम या बुरशीचं. तिचे बीजाणू ओल्या मातीतल्या पाण्यातून पोहत कोवळ्या खोडापर्यंत पोहोचतात. खोड टणक झालं की धोका बराच ओसरतो.

म्हणूनच साचणारं पाणी हे खरं दुखणं. गादीवाफा १५ सेंटिमीटर उंच करा, बी ओळीत विरळ पेरा, पाणी सकाळीच द्या. पेरणीआधी ट्रायकोडर्मा बियाण्याला चोळा. पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. ते मातीसकट काढा आणि पाणी लगेच कमी करा.