कोमट दिवस नसतो, चिली सरबत नसते

चिली, निपी, फ्रीझिंग, ल्यूकवॉर्म आणि स्कॉर्चिंग या पाच इंग्रजी शब्दांपैकी फक्त फ्रीझिंगला तापमापकावर ठरलेली जागा आहे, ती म्हणजे शून्य अंश सेल्सिअस. गंमत अशी की पाचांत सर्वांत सैल हाताने वापरला जातो तोही हाच. पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की पुण्यात दहा अंशांना आणि मुंबईत सोळा अंशांनाही फ्रीझिंग म्हणणारे निघतात. त्यांचे इंग्रजी चुकते असे नाही. लंडनचा माणूसही आठ अंशांत बसथांब्यावर उभा राहून हेच म्हणतो. मात्र तो हवामान सांगत नसतो, तक्रार करत असतो.

या शिडीची खालची पायरी निपीची. मूळ क्रियापद निप, म्हणजे चिमटा काढणे. त्यामुळे निपी हवा ही नाक-कानाला, बोटांच्या टोकांना चिमटे काढणारी. मराठीतली ‘बोचरी’ अर्थाने तिच्या जवळची असली, तरी बोचरी थंडी म्हटल्यावर जो त्रास जाणवतो तो निपीत नाही. हा घरगुती बोलण्यातला, काहीसा खेळकर शब्द आहे आणि बहुधा आधी ‘अ बिट’ लावून येतो. तो शोभतो उघड्या हवेला, वाऱ्याला, सकाळला. बंद खोलीला क्वचितच कोणी निपी म्हणेल आणि सरबताला तर नाहीच. ब्रिटिश माणूस दवाचे बर्फ झालेल्या सकाळीही ‘जरा निपी आहे’ म्हणतो; तिथे शब्दाचा जोर कमी आणि बोलणाऱ्याचा आव जास्त.

चिली त्याच्या शेजारचाच, पण अधिक गंभीर. चिली म्हणजे नकोशी वाटण्याइतकी थंडी. अंग काकडते असे नाही, पण स्वेटर काढून ठेवल्याचा पश्चात्ताप होतो. दिवस चिली असतो, खोली चिली असते, माणसालाही चिली वाटते. पाहुण्यांचे स्वागत चिली झाले तर यजमानांच्या कपाळावर आठी होती असे समजावे. नकोसेपणा या शब्दाच्या अर्थातच आहे, आणि मराठी माणसाची इंग्रजी बोलताना हमखास गफलत होते ती इथेच. उसाचा रस किंवा बिअर गार हवी असेल तर मागायची ती चिल्ड, चिली नव्हे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, पण चिल्डमध्ये कोणी तरी मुद्दाम गार केल्याचे कौतुक आहे, तर चिलीत आपोआप आलेल्या गारव्याची कुरकुर. त्यात आपल्या हॉटेलांच्या मेनूकार्डांनी मिरचीच्या पदार्थालाही शेवटी आयऐवजी वाय लावून ठेवला आहे. त्या स्पेलिंगप्रमाणे पनीर चिली म्हणजे कुडकुडणारे पनीर!

फ्रीझिंगचा जोर निराळ्या जातीचा. चिली आणि निपी कमी-जास्त होऊ शकतात, म्हणून त्यांच्याआधी ‘व्हेरी’ लागते. फ्रीझिंग आधीच टोकाला पोहोचलेला आहे. त्याला व्हेरी लावले की कानाला खटकते. तिथे ‘ॲब्सोल्यूटली’ चालते. मराठीत ‘खूप कडाक्याची थंडी’ म्हणताना अडखळायला होते, तसाच हा प्रकार. बोलण्यात शब्द वापरून वापरून बोथट झाला असला, तरी हवामानाच्या अंदाजात तो नेमक्या अर्थाने येतो. फ्रीझिंग रेन म्हणजे केवळ फार गार पाऊस नव्हे. शून्याखाली जाऊनही द्रवच राहिलेले थेंब जमिनीला, तारांना, गाडीच्या काचेला टेकताच गोठतात, तो हा पाऊस.

बोलण्यातला आणि शास्त्रातला फ्रीझिंग आपल्याकडे एकत्र भेटतो तो महाबळेश्वरला. वेण्णा तलावाच्या काठी गवतावर दवाचे हिमकण झाल्याचे फोटो हिवाळ्यात छापून येतात आणि त्याच बातमीत किमान तापमान मात्र शून्याच्या बरेच वर दिलेले असते. बातमीदाराने थाप मारलेली नसते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि वरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक थंड होतात. शिवाय थंड, जड हवा सखल भागात साचते. अशा पहाटे गवतापुरते फ्रीझिंग अक्षरशः खरे असते. शेजारी शाल पांघरून उभ्या असलेल्या पर्यटकापुरती ती अतिशयोक्ती असते.

पेयाच्या बाबतीत फ्रीझिंग दुटप्पी आहे. चहाला लावला की तक्रार: विसरून राहिलेला, पार गार झालेला कप. थंड पेयाला लावला तर नुसता जोर. स्तुतीसाठी तिथे आइस-कोल्ड अधिक शोभतो.

ल्यूकवॉर्मची गोष्ट वेगळी, कारण तापमानाच्या अर्थाने तो मुख्यतः द्रवाचा आणि अन्नाचा शब्द आहे. कोमट दिवस मराठीत नसतो तसा इंग्रजीतही नसतो. दिवस सौम्य असेल तर माइल्ड म्हणतात. यातल्या ‘ल्यूक’चा त्या नावाच्या कोणा माणसाशी संबंध नाही, मध्ययुगीन इंग्रजीत ल्यूक म्हणजेच कोमट. हाताला ना गरम लागते ना गार, म्हणजे त्वचेच्या तापमानाच्या आसपास, अशी ही अवस्था. पाककृतीत तो निव्वळ सूचना असतो. यीस्ट भिजवायला असेच पाणी लागते, कारण कडकडीत पाण्यात ते मरते. पण टेबलावर आलेल्या पेयाला हाच शब्द लावला की ती नालस्ती ठरते. सूप ल्यूकवॉर्म म्हणजे निवलेले, बिअर ल्यूकवॉर्म म्हणजे गारवा गेलेली. जे तापमान असायला हवे होते त्यापासून दोन्ही ढळलेली, एक वरून आणि एक खालून. नाटकाला मिळालेला ल्यूकवॉर्म प्रतिसाद याच अर्थाचा. मराठीत कोमटाची अशी बदनामी नाही. लिंबू-मध घातलेले कोमट पाणी पिणाऱ्यांची तर अलीकडे जवळजवळ एका पंथाइतकी संख्या झाली आहे.

स्कॉर्चिंग हे दुसरे टोक. स्कॉर्च म्हणजे वरचा थर करपणे, जसा इस्त्री विसरली की कापडावर तपकिरी डाग उमटतो. ही कोरडी होरपळ आहे. म्हणून दिवसाला, उन्हाला, वाळूला तो चपखल बसतो, ‘रणरणते’च्या तोडीचा. वाफाळत्या चहाला मात्र तो ओढूनताणून लावल्यासारखा वाटतो, कारण ओल्या उष्णतेने पोळण्यासाठी इंग्रजीत स्काल्डिंग हा वेगळा शब्द आहे. मराठीही करपणे आणि पोळणे यांत साधारण हाच भेद ठेवते. जीभ चहाने पोळते, करपत नाही. अति गरम पेयाला तर एक आकडाही मिळाला आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांवरची पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संभाव्य कारणांत घातली. स्कॉर्चिंग दिवसाला असा सगळीकडे लागू पडणारा आकडा नाही. आपले हवामान खाते सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान 40 अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. ब्रिटनमध्ये सलग तीन दिवस 25 ते 28 अंशांची, जिल्ह्यानुसार ठरलेली, मर्यादा गाठली की ती लाट. तिथल्या कॉनिंग्जबीला 19 जुलै 2022 रोजी 40.3 अंशांची नोंद झाली तेव्हा स्कॉर्चिंग शब्द चंद्रपूरकरालाही पटण्याजोगा होता. एरवी लंडनच्या मथळ्यांत तो ज्या 28-30 अंशांना मिळतो, तेवढे तापमान मुंबईत जानेवारीच्या दुपारीही असते, आणि त्याच दिवशी सकाळी लोकल पकडणाऱ्यांनी हवा निपी असल्याचे म्हटलेले असते.