जंतूच स्वतःचं विष तयार करतो तेव्हा

क्षयरोगाच्या औषधांतली आयसोनियाझिडची गोळी पोटात जाते तेव्हा ती जंतुनाशक नसते. तिचा रेणू रक्तातून फुफ्फुसात पोचतो, क्षयाच्या जंतूच्या आत शिरतो, तरीही त्याच्यात मारण्याची ताकद आलेली नसते. ती ताकद त्याला जंतूच देतो. अशा औषधांना प्रोड्रग म्हणतात.

हा रेणू प्रागमध्ये १९१२ साली प्रयोगशाळेत तयार झाला होता. तो क्षयावर चालतो हे कळायला १९५२ साल उजाडलं. पण चालतो कसा, हे कोडं पुढे आणखी चाळीस वर्षं तसंच राहिलं. एक धागा मात्र लवकर हाती आला होता. १९५०च्या दशकात गार्डनर मिडलब्रुक यांच्या लक्षात आलं की, आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या अनेक जंतूंमध्ये कॅटलेज हे एन्झाइमच नाहीसं झालेलं असतं. १९९२मध्ये या एन्झाइमचं जनुक सापडलं, त्याचं नाव कॅट-जी. प्रतिकारक जंतूत ते जनुक परत घातलं की औषध पुन्हा लागू पडू लागलं. औषध जागं करणारा कोण, हे त्यातून पक्कं झालं.

कॅट-जीचं मूळ काम वेगळंच आहे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात, ते हे एन्झाइम निकामी करतं. आयसोनियाझिड त्याच्या तावडीत सापडलं की त्याचा एक अतिशय क्रियाशील तुकडा तयार होतो. हा तुकडा पेशीतल्या एनएडी या रेणूला चिकटतो आणि ही जोडगोळी इन्ह-ए नावाच्या दुसऱ्या एन्झाइममध्ये जाऊन रुतून बसते. क्षयाच्या जंतूचं मेणासारखं जाड आवरण बनवण्यात इन्ह-एचा वाटा असतो. ते थांबलं की आवरण पुरं होत नाही आणि वाढणारा जंतू मरतो.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे औषध नेमक्या जागीच जागं होतं. मेट्रोनिडाझोलचंही तसंच. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जंतूंकडे इलेक्ट्रॉन देणारी प्रथिनं असतात, ती या औषधाच्या नायट्रो गटाला इलेक्ट्रॉन देतात आणि त्यातून डीएनए तोडणारा रेणू तयार होतो. आपल्या पेशींत ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन परत काढून घेतो.

पण सुटकेची वाटही इथेच आहे. औषधाच्या लक्ष्यात बदल करायचा, तर तो अगदी मोजका हवा, नाहीतर लक्ष्याचं नेहमीचं कामही बिघडतं. औषध जागं करणारं एन्झाइम मात्र कसंही मोडलं तरी चालतं. म्हणूनच आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक सापडतो, तर रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुफ्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू धरले, तर आयसोनियाझिडला न जुमानणारे शंभरेक जंतू गोळी सुरू होण्याआधीच तिथे असतात. एकट्या गोळीने बाकीचे मरतात आणि या शंभरांना रान मोकळं मिळतं. दोन्ही औषधांना एकाच वेळी चुकवणारा जंतू मात्र त्या गर्दीत सापडणं जवळजवळ अशक्य, म्हणून क्षयावर औषधं एकत्रच देतात.

कॅट-जी पूर्ण गमावणं जंतूलाही महागात पडतं. असे जंतू पेरॉक्साइडपुढे उघडे पडतात, आणि गिनीपिगमध्ये त्यांनी सौम्य आजार केल्याचं त्याच दशकात दिसलं होतं. म्हणून रुग्णांमध्ये जो बदल सर्वाधिक आढळतो तो फार बारीक आहे: कॅट-जीच्या साखळीत ३१५व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनिन. एवढ्याने एन्झाइमच्या गाभ्याकडे जाणारी वाट अरुंद होते. छोटा पेरॉक्साइड आत जातो, मोठं आयसोनियाझिड अडखळतं. जंतूचं संरक्षण बरंचसं टिकतं आणि औषध झोपलेलंच राहतं. इथे डोस वाढवून सहसा भागत नाही. याउलट इन्ह-एच जास्त प्रमाणात तयार करणारे जंतू सहसा थोडाच प्रतिकार करतात, आणि तिथे वाढीव डोसचा उपयोग होऊ शकतो.

माझी खरी काळजी निदानाची आहे. सीबीनॅट किंवा भारतात विकसित झालेलं ट्रूनॅट, या नेहमीच्या चाचण्या क्षयाचा जंतू आणि रिफाम्पिसिनचा प्रतिकार शोधतात. ‘रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह’ असा अहवाल आला की घरचे निर्धास्त होतात, पण कॅट-जीबद्दल त्यात काहीच नसतं. समजा, पन्नास ते चौसष्ट किलो वजनाचा रुग्ण रोज एकत्रित औषधाच्या चार गोळ्या घेतो आहे, त्यात ३०० मिलिग्रॅम आयसोनियाझिड आहे, पण त्याच्या जंतूंत ३१५वा बदल आहे. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड थांबतं. मग भार उरतो रिफाम्पिसिन आणि दुबळ्या इथॅम्ब्युटॉलवर. रिफाम्पिसिनचाही प्रतिकार उभा राहतो तो अशाच वेळी.

हा बदल लाइन प्रोब असे या चाचणीत दिसतो, आणि तो कळला तर लेव्होफ्लॉक्सासिन असलेला सहा महिन्यांचा वेगळा उपचार देता येतो. घरात कोणाला क्षय झाला असेल, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: आयसोनियाझिडची तपासणी झाली का?