डिशवॉशरमधील अपमार्जकाची मात्रा : वडी, भुकटी आणि द्रव

भांडी धुण्याच्या यंत्रासाठी, म्हणजे डिशवॉशरसाठी, लागणारे अपमार्जक वडी, भुकटी आणि द्रव अशा तीन रूपांत मिळते. यांपैकी कोणते रूप श्रेष्ठ, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वस्तुतः मात्रा कशावर ठरते, हा प्रश्न त्याच्या आधीचा होय. अपमार्जकाचा एक अंश पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून ठेवण्यात खर्ची पडतो आणि दुसरा खरकटे काढण्याच्या कामी येतो. पहिला अंश पाण्याच्या दुष्फेनतेवर अवलंबून असतो, तर दुसरा भांड्यांच्या संख्येवर.

समजा, पुण्यातील एका घरी कूपनलिकेचे पाणी वापरात असून त्याची दुष्फेनता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. मुख्य धुलाईच्या ४ लिटर पाण्यातून १६ मिलिमोल दुष्फेनता यंत्रात येते. ती बांधण्यास सुमारे ४.७ ग्रॅम सोडियम सायट्रेट लागते. भुकटीत ते ३० टक्के आहे असे धरल्यास केवळ पाण्यासाठीच १६ ग्रॅम भुकटी हवी. लिटरला ५० मिलिग्रॅम दुष्फेनतेच्या पाण्यास मात्र २ ग्रॅम पुरतात. आता यंत्रात अर्धीच भांडी ठेवली, तरी पाणी बहुधा तेवढेच घेतले जाते. म्हणून २० ग्रॅमची पूर्ण मात्रा मृदू पाण्यात १० ग्रॅमवर आणता येते. दुष्फेन पाण्यात ती १६ ग्रॅमच्या खाली नेता येत नाही.

असा फेरफार भुकटीतच सहज साधतो. वडीची मात्रा ठरलेली असते. शिवाय लघु कार्यक्रमात ती पुरती विरघळेलच असे नाही. द्रवाची मात्रा बदलता येते. परंतु पाण्यात विरंजक व विकरे एकत्र टिकत नाहीत. त्यामुळे विकरयुक्त द्रवात सहसा विरंजक नसते आणि हळदीचे डाग राहतात.

तथापि एक मर्यादा तिन्ही रूपांना सारखीच लागू आहे. मुख्य धुलाईचे पाणी अपमार्जकासह वाहून जाते आणि शेवटच्या विसळणीस नवे दुष्फेन पाणी येते. तेव्हा यंत्रातील आयन-विनिमयी मृदूकारक दुष्फेनतेनुसार लावणे व त्यात मीठ भरणे हाच उपाय होय. मृदूकारक चालू असल्यास वरील हिशेब मृदू पाण्याचाच धरावा.

पेल्यावर धूसरपणा दिसल्यास त्यावर व्हिनेगर चोळावे. तो निघून गेल्यास ते चुन्याचे पुट होय आणि दोष मिठाचा किंवा मृदूकारकाच्या मांडणीचा आहे. तो तसाच राहिल्यास काचच झिजलेली असते. मृदू पाण्यात अपमार्जक अधिक पडल्याने असे होते. पहिला दोष दूर करता येतो, दुसरा नाही. म्हणून मृदू पाण्यात मात्रा वाढवण्यापूर्वी ही परीक्षा करावी.